दोन रुपयांचं नाणं आणि रात्रीचा फोन

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझ्या आतेभावाचं आइस्क्रीम आणि फ्रोझन मालाचं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यानं शटर उघडलं तेव्हा डीप फ्रीझरच्या काट्यावर उणे १८ होतं, म्हणजे गोठवलेल्या मालाला हवं तेवढंच. पण वरच्या थरातले कप उघडले तर आइस्क्रीम एका बाजूला कललेलं, खाली बसलेलं, आणि चमचा लावला की बर्फाचे खडे कुरकुरत होते. रात्री साडेदहाला गेलेली लाइट पहाटे चारला आली होती. माल मधल्या वेळात वितळला आणि दुकान उघडेपर्यंत पुन्हा गोठला. काटा खोटं सांगत नव्हता. तो फक्त आत्ताचं सांगत होता.

यावर जुना उपाय नाण्याचा. वाटीभर पाणी फ्रीझरमध्ये गोठवायचं आणि वर दोन रुपयांचं नाणं ठेवायचं. नाणं बुडालेलं दिसलं की आतला बर्फ वितळून गेला होता हे कळतं. पण ते कळतं सकाळी, आणि कधी वितळला हे कळतच नाही. म्हणून आम्ही वायफाय सेन्सर बसवायचं ठरवलं.

पहिला प्रयत्न फसला. बॅटरीवरचा तयार सेन्सर आम्ही थेट फ्रीझरमध्ये टाकला. पत्र्याच्या पेटीतून वायफायचा सिग्नल जेमतेम बाहेर येत होता आणि थंडीनं बॅटरी दमली. मग जुळणी बदलली. वायफायचं यंत्र बाहेर भिंतीवर राहिलं आणि आत गेली फक्त वायर. तिच्या टोकाला स्टीलच्या नळीत बंद केलेला, DS18B20 नावाचा प्रोब. बारीक वायर झाकणाच्या रबराखालून घेतली, तरी तिथून हवा शिरत नाही ना, हे रोज पाहावं लागतं. फट राहिली तर त्याच जागी आधी बर्फ साचतो.

आता इशारे यायला लागले, पण फार. संध्याकाळी गिऱ्हाईक वाढलं, झाकण सारखं उघडलं की आतली हवा दहा-बारा अंशांनी चढायची आणि फोन वाजायचा. माल मात्र ठणठणीत गोठलेला. आठवड्याभरात भावानं फोनकडे बघणंच सोडलं. प्रोब हवेचं तापमान मोजत होता. आम्हाला हवं होतं मालाचं. म्हणून औषधाच्या छोट्या बाटलीत तीन भाग ग्लिसरीन आणि दोन भाग पाणी भरलं, त्यात प्रोब बुडवला आणि बाटली मालाच्या मधोमध ठेवली. हे मिश्रण उणे १८ला गोठत नाही, आणि मालासारखंच सावकाश तापतं. नियम केला : बाटली सलग अर्धा तास उणे १२च्या वर राहिली तरच इशारा. या प्रोबची अर्ध्या अंशाची अचूकता उणे १०च्या वरच असते. त्याखाली चूक वाढते. म्हणून उंबरठा काठावर न ठेवता मोकळा ठेवला. आणि पडद्यावर उणे १२७ दिसलं तर फ्रीझर नव्हे, वायर तुटलेली असते.

खरी गोम पुढे होती. लाइट जाते तेव्हा राउटरही बंद पडतो. म्हणजे ज्या रात्री इशारा हवा, नेमक्या त्याच रात्री यंत्र मुकं होतं. लसींच्या साठ्यासाठी देशात २०१५पासून उभ्या केलेल्या ‘ईविन’ व्यवस्थेत तापमान मोजणाऱ्या यंत्रांना सिमकार्ड असतं, ते मोबाइलच्या जाळ्यातून माहिती पाठवतं. आम्ही दुसरा मार्ग धरला. यंत्र दर पाच मिनिटांनी गावाबाहेरच्या सर्व्हरला आकडा पाठवतं. पंधरा मिनिटं काहीच आलं नाही, तर सर्व्हर स्वतःहून फोन करतो. मेसेज नव्हे, फोन. कारण रात्री मेसेज कोण बघतं? पहिला फोन भावाला, त्यानं नाही उचलला तर दुकानाच्या माडीवर राहणाऱ्या पोराला. इथं शांतता हाच इशारा आहे. तिचं कारण फक्त इंटरनेट बंद पडणं हेही असू शकतं. पण जाऊन पाहिल्याशिवाय ते ठरवता येत नाही.

पावसाळ्यात एका रात्री दोन वाजून पंचवीस मिनिटांनी तो फोन आला. भावानं माडीवर फोन लावला.

“लाइट आहे का रे?”

“नाही दादा, सगळी गल्ली अंधारात आहे.”

“झाकण उघडू नकोस. वर गोधड्या टाक, बाजूची जाळी मात्र मोकळी ठेव.”

पहाटे साडेपाचला लाइट आली. आकडे पुन्हा सुरू झाले तेव्हा बाटलीत उणे १४ होतं. अर्ध्या तासात आलेख खाली वळला. सकाळी भावानं सवयीनं वाटी बाहेर काढली. नाणं बर्फावरच होतं.