आधी भीती विचारा, मग निदान सांगा

महाराष्ट्रात एमबीबीएस करून ब्रिटनमध्ये नोकरी करू पाहणाऱ्या डॉक्टरला आपलं इंग्रजी पुरेसं आहे हे तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलला दाखवावं लागतं. त्यासाठीची आयईएलटीएस सगळ्यांच्या ऐकण्यात असते. दुसरी परीक्षा म्हणजे ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, थोडक्यात ओईटी. ऑस्ट्रेलियात सुरू झालेली ही परीक्षा फक्त आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी आहे. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट अशा बारा व्यवसायांसाठी ती घेतली जाते. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे तिचे चार भाग. प्रत्येक भागाला ५०० पैकी गुण मिळतात आणि कौन्सिलला प्रत्येकात किमान ३५० लागतात, तेही एकाच बैठकीत.

यातला बोलण्याचा भाग मोठा मजेशीर आहे. तिथे निबंधवजा प्रश्न नाहीत, ‘तुमच्या गावाबद्दल सांगा’ नाही. सुरुवातीला थोड्या गप्पा होतात, पण त्यांना गुण नसतात. मग एक कार्ड हातात येतं. तुम्ही डॉक्टर आहात, समोर अमुक रुग्ण आहे, त्याला अमुक झालं आहे, आता त्याच्याशी बोला. कार्ड वाचायला तीन मिनिटं मिळतात आणि बोलायला साधारण पाच. असे दोन प्रसंग वठवायचे असतात. समोरचा ‘रुग्ण’ परीक्षा घेणाऱ्या संस्थेने तयार केलेला माणूस असतो. त्याच्याकडे वेगळं कार्ड असतं, ते तुम्हाला दिसत नाही. तो गुणही देत नाही. संभाषण ध्वनिमुद्रित होतं आणि परीक्षक ते नंतर ऐकतात.

वैद्यकीय ज्ञानाची ही परीक्षा नव्हे. निदान कार्डावर लिहूनच दिलेलं असतं. तरीही हुशार डॉक्टर इथे अडखळतात, आणि माझ्या मते त्याचं कारण इंग्रजी हे क्वचितच असतं. रुग्ण नेमका कशाला घाबरला आहे हे विचारण्याआधीच ते निदान सांगायला लागतात.

एक उदाहरण घेऊन बघू. नमुन्यादाखल कार्ड मीच बेतलं आहे, पण त्याचा साचा परीक्षेतलाच आहे. ठिकाण, जनरल प्रॅक्टिसचा दवाखाना. रुग्ण ५२ वर्षांच्या शिक्षिका. गेले दोन आठवडे पलंगावर कूस बदलली की खोली गरगर फिरते, अर्ध्या-एक मिनिटात थांबते. तुम्ही तपासलं आहे आणि निदान आहे ‘बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो’. खाली कामं दिलेली आहेत: काळजीचं कारण जाणून घ्या, निदान समजावा, धीर द्या, स्कॅनची गरज का नाही ते सांगा, उपचाराची माहिती द्या. तुम्हाला न दिसणाऱ्या रुग्णाच्या कार्डावर असतं: तुमचा मामा मेंदूतल्या गाठीने गेला, त्यालाही आधी चक्कर यायची, तुम्हाला एमआरआय हवा आहे.

घाईत बोलणारा उमेदवार पहिल्याच वाक्यात आजाराचं पूर्ण नाव घेतो आणि लगेच ‘काळजीचं काहीच कारण नाही’ म्हणून मोकळा होतो. त्याच्या दृष्टीने दोन कामं झाली. बाईंच्या दृष्टीने मात्र डॉक्टरांनी ‘बिनाइन’ म्हटलं, आणि हा शब्द त्यांनी आजवर फक्त गाठीच्या संदर्भात ऐकलेला आहे. धीर देताना डॉक्टरने नकळत भीतीला दुजोरा दिला. पुढची चार मिनिटं त्या बाईंना ऐकूच येत नाही, त्या एमआरआयचा विषय पुन्हा पुन्हा काढत राहतात आणि उमेदवाराला वाटतं, समोरचा माणूस उगाच छळतोय. छळत नसतो. भीतीचं कारण बाहेर येईपर्यंत ती धरून ठेवा, अशीच सूचना त्याच्या कार्डावर असू शकते.

म्हणून पहिलं मिनिट विचारण्यात घालवायचं. प्रत्यक्ष परीक्षेत हे अर्थातच इंग्रजीत बोलायचं असतं. इथे मी मराठीत देतो, कारण क्रम कळणं महत्त्वाचं.

‘बाई, तपासणीतून मला बरंचसं कळलं आहे, ते सांगतोच. त्याआधी एक विचारतो. हे कशामुळे होत असेल, असं तुम्हाला वाटतंय?’

‘डॉक्टर, खरं सांगू का… डोक्यात काहीतरी असेल असं वाटतं.’

‘डोक्यात म्हणजे?’

‘गाठ वगैरे. माझ्या मामाला होती. त्यालाही अशीच चक्कर यायची.’

इथे उमेदवाराचा मोह असतो तो ‘नाही नाही, तसं काही नाही’ म्हणण्याचा. घरच्या माणसासारखं ते आपल्या तोंडून निघतंच. पण बाईंनी आत्ताच एक मृत्यू सांगितला आहे. त्याची दखल घेतल्याशिवाय पुढे गेलं तर ते परीक्षकाला ऐकू येतं. ‘मामांचं तसं झालेलं पाहिल्यावर दर वेळी चक्कर आली की तेच मनात येत असणार. दोन आठवडे तुम्ही याच धास्तीत काढलेत.’ एवढं पुरे. सहानुभूतीचं पाठ केलेलं वाक्य प्रत्येक रुग्णाला तेच चिकटवलं तर लगेच उघडं पडतं. रुग्णानेच सांगितलेला तपशील वाक्यात आला की ते खरं वाटतं.

आता निदान. आजाराचं नाव शेवटी सांगितलं तरी चालतं, किंबहुना तसंच बरं. ‘आपला तोल सांभाळणारं एक यंत्र कानाच्या आतल्या भागात असतं. तिथे कॅल्शियमचे अगदी बारीक कण असतात. कधी कधी ते आपली जागा सोडून शेजारच्या नळीत जातात. त्या नळीत द्रव असतो. तुम्ही कूस बदलली की हे कण सरकतात, द्रव हलतो, आणि मेंदूला निरोप जातो की डोकं अजून फिरतंय. म्हणून खोली फिरल्यासारखी वाटते. कण स्थिरावले की चक्कर थांबते.’ आणि इथे थांबायचं. ‘इथवर लक्षात आलं का?’ असं विचारलं की बहुतेक रुग्ण मान डोलावतात, त्यावरून काही कळत नाही. त्यापेक्षा, ‘मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय, घरी यजमानांना हे कसं सांगाल?’ असं विचारावं. बाई म्हणतात, ‘कानातले कण हलतात म्हणून चक्कर येते… पण मग तो आजार मेंदूचा नाही ना?’ पुढचं वाक्य काय हवं ते रुग्णानेच सुचवलं.

आता धीर द्यायची वेळ आली, आणि तो कारणांसकट द्यायचा. ‘तुमची चक्कर ठरावीक हालचालीनेच येते आणि मिनिटाच्या आत थांबते. मघाशी मी तुम्हाला मान वळवून झटकन आडवं केलं, तेव्हा चक्कर आली आणि तुमचे डोळे एका विशिष्ट पद्धतीने हलले. ही खूण कानाच्या या त्रासाचीच आहे. बोलणं, नजर, हातापायांची ताकद, चाल, हे सगळं मी तपासलं, त्यात मेंदूच्या आजाराची कुठलीही खूण दिसली नाही.’ ‘तुम्हाला कधीच गाठ होणार नाही’ अशी हमी कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही आणि परीक्षेतही ती देऊ नये. जे तपासलं आणि जे आढळलं तेवढंच सांगायचं.

एमआरआयचंही तसंच. ‘गरज नाही’ म्हणून हात झटकले तर बाईंना वाटेल, खर्च वाचवताहेत. ‘स्कॅन मागणं स्वाभाविक आहे. पण हे कण एमआरआयमध्ये दिसत नाहीत, त्यामुळे तो करून या चक्करेबद्दल नवीन काही कळणार नाही. मात्र बोलताना जीभ जड झाली, एकाचे दोन दिसायला लागले, हाता-पायात अशक्तपणा आला, किंवा चक्कर थांबेचना, तर लगेच या. तेव्हा स्कॅनचा विचार नक्की करू.’ नकाराबरोबर तो कोणत्या परिस्थितीत बदलेल हेही सांगितलं की रुग्ण सहसा सैल होतो. परीक्षेतला रुग्णही बहुधा इथे मान्य करतो, कारण त्याच्याही कार्डावर तसं लिहिलेलं असतं.

उपचार म्हणजे एप्लीची क्रिया. दवाखान्यातल्या पलंगावर बसवून मान दुखऱ्या कानाकडे ४५ अंश वळवायची, तशीच झटकन आडवं करायचं, मग मान दुसऱ्या बाजूला, मग पूर्ण कूस, मग उठून बसायचं. प्रत्येक स्थितीत अर्धा ते एक मिनिट थांबायचं, म्हणजे कण पुन्हा आपल्या जागी सरकतात. रुग्णाला हे सगळे कोन नको असतात. ‘पाचेक मिनिटांत होतं, औषध नाही, सुई नाही. करताना एकदा गरगरेल, ते अपेक्षितच आहे, मी धरलेलं असेल. बऱ्याच जणांना लगेच फरक पडतो, काहींना पुन्हा करावं लागतं, आणि काही महिन्यांनी त्रास उलटूही शकतो.’ गरगरण्याची सूचना आधी दिली नाही तर क्रियेच्या मधोमध घाबरलेला रुग्ण उठून बसतो. आणि चक्कर येत असेपर्यंत गाडी चालवू नका, हे सांगायला विसरायचं नाही.

परीक्षक ऐकतो कसं, हे ठाऊक असलं तर हा क्रम का, ते कळेल. उच्चार सहज समजतात का, ओघ, रुग्णाला साजेशी भाषा आणि व्याकरण, असे भाषेचे चार निकष, प्रत्येकी ६ गुणांचे. त्यांच्याबरोबर संवादाचे पाच निकष, प्रत्येकी ३ गुणांचे: नातं जुळवणं, रुग्णाचा दृष्टिकोन समजून घेणं, बोलण्याला रचना देणं, माहिती काढून घेणं आणि माहिती देणं. माहिती देण्याच्या निकषातसुद्धा रुग्णाला आधीच काय ठाऊक आहे ते विचारणं, थोडं सांगून थांबणं, समजलं का ते पडताळणं आणि आणखी काय हवं ते विचारणं धरलेलं आहे. म्हणजे सलग तीन मिनिटं निर्दोष इंग्रजीत व्याख्यान देणाऱ्याचे तिथेच गुण जातात.

आपल्याकडे एकेका ओपीडीत ज्या गर्दीत डॉक्टर काम करतात, तिथे ‘टेन्शन घेऊ नका, गोळ्या लिहून देतो’ हीच भाषा तयार होते. त्यात डॉक्टरचा दोष फारसा नाही. पण ती सवय इंग्रजीत जशीच्या तशी उतरते आणि क्लासमध्ये वाक्प्रचारांची यादी पाठ करून ती जात नाही.

सराव करायचा तर दुसऱ्या डॉक्टरबरोबर करू नका. त्याला निदान आधीच कळतं आणि तो मान डोलावतो. घरातलं किंवा शेजारचं, वैद्यकाशी संबंध नसलेलं, जेमतेम इंग्रजी बोलणारं माणूस शोधा. रुग्णाचं कार्ड त्यालाच लिहू द्या आणि तुम्ही बघू नका. पाच मिनिटांचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करा. ऐकताना आधी फक्त एवढंच तपासा, की रुग्णाच्या भीतीचं कारण कितव्या मिनिटाला बाहेर आलं आणि त्याआधी तुम्ही आजाराबद्दल काय काय सांगून बसला होतात.