पत्ता उजवीकडून वाचा

गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मावशीचा फोन आला. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी शिर्डीच्या अन्नदानाची लिंक टाकली होती. "अरे, बाबांचा फोटो आहे, वर कुलूप आहे, पावतीसुद्धा येते म्हणे. पाठवू ना पैसे?"

या तिन्ही गोष्टींनी काहीच सिद्ध होत नाही. वेबसाइट उघडली की तिचा मजकूर, चित्रं, रंग सगळं आपल्या फोनवर उतरतं. ते उचलून स्वतःच्या सर्व्हरवर मांडायला अर्धा तास पुरे. कधीकधी नक्कलच जास्त नीटनेटकी असते. आपल्या बऱ्याच देवस्थानांच्या वेबसाइट पाहता ते फारसं अवघडही नाही.

कुलपाचं म्हणाल, तर तुमचा फोन आणि तो सर्व्हर यांच्यातलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही, एवढीच त्याची ग्वाही. पलीकडे बसलेला कोण, याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र काही मिनिटांत फुकट मिळतं. मागणाऱ्याचा त्या नावावर ताबा आहे का, इतकंच यंत्र तपासतं. लोक कुलपाला सचोटीचा शिक्का समजू लागले, म्हणून सप्टेंबर 2023 मध्ये क्रोमने ॲड्रेस बारमधून ते काढूनच टाकलं.

नक्कल करता येत नाही तो पत्ता. एक नाव एका वेळी एकाच्याच मालकीचं असतं. पण तो वाचताना आपण चुकतो, कारण मराठीसारखा डावीकडून वाचतो. शिर्डी संस्थानाचा पत्ता आहे `sai.org.in`. आता हा बनावट नमुना बघा:

```
https://online.sai.org.in.seva-daan.example/donate
```

सुरुवातीला `sai.org.in` दिसलं की डोळा तिथेच समाधान मानतो. खरं तर `https://` नंतर येणारा पहिला तिरका दंड शोधायचा आणि तिथून डावीकडे यायचं. दंडाला टेकून `.example` आहे, त्याच्या अलीकडे `seva-daan`. नोंदवलेलं नाव एवढंच, आणि मालकही त्याचाच. डावीकडचं सगळं त्या मालकाने मनाला येईल तसं चिकटवलेलं. तिथे तो `pmo` लिहील नाहीतर `vatican`, त्याला कुणी विचारत नाही. (`.example` हे शेपूट केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलं आहे. भामटा अर्थातच दुसरं कुठलं तरी वापरेल.) फोनच्या अरुंद पडद्यावर लांब पत्त्याचा काही भाग दडतो, म्हणून त्यावर बोट ठेवून तो पूर्ण सरकवून पाहावा लागतो.

`.org` म्हणजे धर्मादाय संस्था, हाही गैरसमजच. `.org` किंवा `.org.in` कुणालाही विकत मिळतं. राखीव आहे ते `.gov.in`. दलाई लामांची अधिकृत वेबसाइट तर `dalailama.com` आहे, म्हणजे शेपूट 'व्यापारी'. त्यामुळे खरं नाव कोणतं, हे त्या वेबसाइटच्या बाहेरूनच कळायला हवं: संस्थानाच्या जुन्या छापील पावतीवरून, मंदिरातल्या फलकावरून. आलेल्या लिंकवरून मात्र कधीच नाही.

शंका उरलीच तर नावाचं वय पाहता येतं. 'हूइज' ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. मालकाचं नाव त्यात बहुधा झाकलेलं असतं, पण नोंदणीची तारीख दिसते. शंभर वर्षांच्या परंपरेचा हवाला देणारं पान तीन आठवड्यांपूर्वी नोंदवलेल्या नावावर उभं असेल, तर पुढे वाचायची गरज नाही. उलट तारीख जुनी असली म्हणून निर्धास्त होऊ नये. मुदत संपलेली जुनी नावं विकत मिळतात.

शेवटची तपासणी पैशाच्या वाटेवर. क्यूआर कोडखाली काहीही छापता येतं, पण स्कॅन केल्यावर, पिन टाकण्याआधी, यूपीआय ॲप घेणाऱ्याचं बँकेत नोंदवलेलं नाव दाखवतं. तिथे संस्थेचं नाव हवं, क्वचित मधल्या पेमेंट कंपनीचं. संस्थेशी मिळतंजुळतं नाव घेऊन उघडलेलं खातं मात्र या चाळणीतूनही निसटतं, म्हणून पत्ता आधी आणि नाव नंतर. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 वर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते.

मावशीला म्हटलं, कोड स्कॅन कर, पण पिन टाकू नकोस. फक्त नाव वाच. फोनवर थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "अमुक मोबाइल ॲक्सेसरीज. अरे, बाबांनी हे दुकान कधी काढलं?"