कॅशलेस म्हणजे फुकट नव्हे

आमच्या सोसायटीतल्या काकांची साडेतीन वर्षं जुनी छोटी गाडी सिग्नलला पुढच्या टेम्पोवर आदळली. बंपर फुटला, बॉनेट चेपलं. गॅरेज कॅशलेस होतं, म्हणून काका निर्धास्त होते. गाडी आणायला गेले तेव्हा साडेसात हजार भरायला सांगितलं. "मग कॅशलेस कसलं?" त्यांनी मला विचारलं.

कॅशलेसमध्ये विमा कंपनी आपला मंजूर हिस्सा थेट गॅरेजला देते. रीइम्बर्समेंटमध्ये सगळं बिल आधी आपण भरायचं आणि तोच हिस्सा नंतर आपल्या खात्यात येतो. हिस्सा ठरवण्याचे नियम दोन्हीकडे सारखेच.

गॅरेजचं एस्टिमेट म्हणजे फक्त मागणी. सर्व्हेयर गाडीजवळ उभा राहून त्यातली एकेक ओळ तपासतो. हा भाग याच धडकेत गेला का? बदलायलाच हवा, की डेंटिंगने सरळ होईल? मजुरी वाजवी आहे का? त्यानंतर घसारा वजा होतो. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर तो ५० टक्के असतो, काचेवर नसतो आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे वाढत जातो.

काकांचा हिशेब, कर बाजूला ठेवून, असा होता. बंपर ६,००० रुपयांचा, त्यातले ३,००० गेले. बॉनेट ८,००० चं. तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के, म्हणून २,००० गेले. रंगकाम १२,००० चं. त्याचा चौथा हिस्सा मटेरियलचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे १,५००. मजुरीच्या ५,००० वर कपात नाही. शेवटी पॉलिसीतली सक्तीची १,००० ची वजावट. एकूण ३१,००० पैकी कंपनीचे २३,५००, काकांचे ७,५००. झीरो डेप घेतलं असतं तर घसाऱ्याचे साडेसहा हजार वाचले असते.

खरी वादावादी होते ती बंपर उतरवल्यावर. आतला ब्रॅकेट वाकलेला, रेडिएटर गळतोय, हे बाहेरून दिसतच नाही. अशा वेळी गॅरेजने काम थांबवून पुरवणी एस्टिमेट द्यावं आणि सर्व्हेयरला पुन्हा बोलवावं. मंजुरीआधी भाग बदलला तर तो खर्च आपल्या गळ्यात पडू शकतो. म्हणून "खोलल्यावर आणखी काही निघालं का, आणि ते मंजूर झालं का?" हे गॅरेजला स्वतः फोन करून विचारा.

ओळखीच्या मेकॅनिककडे काम करायचं असेल, तर हीच काळजी दुप्पट घ्यावी लागते. आधी कंपनीला कळवा, सर्व्हे होऊ द्या, मगच पाना लावू द्या. काढलेले जुने भाग ठेवून द्या, कारण दुरुस्तीनंतर सर्व्हेयर ते पाहायला मागू शकतो. बिलाबरोबर पैसे भरल्याची पावतीही लागते. एखादी रक्कम का कापली हे पटत नसेल, तर सर्व्हे रिपोर्टची प्रत मागून घ्या आणि तुमच्या बिलाशेजारी ठेवून ओळीने वाचा.