‘सी’ नंतरचा काळ : फ्रेंच संकेतार्थ आणि मराठी वाचक

बेंगळुरूमध्ये मराठी घरातील विद्यार्थी फ्रेंच शिकू लागला की ‘सी’ने (म्हणजे ‘जर’ने) सुरू होणाऱ्या वाक्यात त्याची एक चूक हमखास होते. मराठी संकेतार्थ दोन्ही उपवाक्यांत एकाच रूपाने व्यक्त होतो : ‘मला वेळ असता तर मी ही कादंबरी वाचली असती.’ इकडे ‘असता’, तिकडे ‘असती’. अट आणि फल दोन्ही एकाच साच्यातले. हीच समरूपता तो फ्रेंचमध्ये नेतो आणि ‘सी’ नंतरही संकेतार्थी रूप, म्हणजे फ्रेंच व्याकरणातील ‘काँदिसिओनेल’, योजतो. प्रमाण फ्रेंचला ते मान्य नाही. तेथे म्हणावे लागते : ‘सी झाव्हे ल तां, झ लिरे स रोमां’. अटीत ‘आव्हे’ हा अपूर्ण भूतकाळ, आणि संकेतार्थ केवळ फलात, ‘लिरे’मध्ये.

हा निषेध वरवर मनमानी वाटतो, परंतु रूपाची घडण पाहिली की त्याचा उलगडा होतो. ‘आव्हे’ आणि ‘लिरे’ यांचा अंत्य प्रत्यय लेखनात एकच आहे. ‘लिरे’मध्ये जास्तीचा आहे तो ‘र’, आणि तो मूळ धातुरूपाचा अवशेष होय. उत्तरकालीन लॅटिनमध्ये धातुरूपापुढे ‘असणे, बाळगणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा अपूर्ण भूतकाळ जोडून ‘करावयाचे होते’ असा अर्थ साधला जाई. त्यातूनच हे रूप घडले. म्हणजे फ्रेंच संकेतार्थ हा मुळात भूतकाळातून पाहिलेला भविष्यकाळ आहे. अट मात्र आधी मांडली जाते. फल तिच्यानंतर येते. ‘पुढे येणारे’ दाखविणारा ‘र’ म्हणून फलाकडे राहतो. ‘सी’ नंतर साधा भविष्यकाळही का चालत नाही, हेही यातूनच कळते : अटीत वर्तमान असेल तर फलात भविष्य, अपूर्ण भूत असेल तर संकेतार्थ, पूर्ण भूत असेल तर भूतकालीन संकेतार्थ. तीन जोड्या, पण नियम एकच.

तथापि ही तर्काची सक्ती नव्हे. अभिजात लॅटिनमध्ये अट व फल दोहोंत एकच रूप येई (‘सी हाबेरेम, दारेम’), आणि जुन्या फ्रेंचमध्येही दोहोंत अपूर्ण ‘सुब्जाँक्तिफ’ चाले. म्हणजे रचना मराठीसारखीच समरूप होती. तिचा अवशेष वाङ्मयीन फ्रेंचमध्ये पूर्ण भूताच्या सुब्जाँक्तिफात अद्याप भेटतो. शिवाय बोलीत आणि मुलांच्या तोंडी ‘सी’ नंतर संकेतार्थ ऐकू येतोच. इव्ह रोबेर यांच्या १९६२ च्या ‘ला गेर दे बुताँ’ या चित्रपटातील लहानग्या जिबूसचे गाजलेले वाक्य त्याच अशुद्धतेवर उभे आहे. तेव्हा ‘कधीच नाही’ हे प्रमाणभाषेपुरते खरे.

भाषांतरकारापुढील खरी अडचण मात्र वेगळी आहे. अटीत अपूर्ण भूत दिसला म्हणजे कल्पना आहे असे समजू नये. निर्णय फलातील रूप देते. ‘सील प्लव्हे, इल रेस्ते’ म्हणजे ‘पाऊस असला की तो घरीच राही’, ही सवय. ‘सील प्लव्हे, इल रेस्त्रे’ म्हणजे ‘पाऊस असता तर तो घरीच राहिला असता’. फरक एका ‘र’चा. कथनात तिसरीही शक्यता उरते : पात्राच्या मनातील विचार लेखकाने निवेदनात मिसळला असेल, तर तेच दुसरे वाक्य ‘पाऊस पडला तर घरीच राहायचे’ हा त्याचा बेत ठरते. येथे ‘असता–असती’ वापरणारा भाषांतरकार उघड्या भविष्यावर अशक्यतेचा शिक्का मारतो. संदर्भ पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

मराठीची आणखी एक अडचण आहे. ‘वेळ असता तर वाचली असती’ हे वाक्य आजचा अभाव सांगते की कालचा? दोन्ही. फ्रेंच त्यासाठी दोन वेगळ्या जोड्या ठेवते. म्हणून मराठीतून फ्रेंचकडे जाताना आधी काळ ठरवावा लागतो, मग जोडी निवडावी.

बेंगळुरूच्या वाचकाला मात्र कन्नडचा आधार आहे, आणि तो मराठीहून अधिक उपयोगी वाटतो. ‘ननगे समय इद्दिद्दरे ई कादंबरियन्नु ओदुत्तिद्दे’ या वाक्यात अटीचा ‘-अरे’ प्रत्यय फक्त पहिल्या उपवाक्यात येतो. ‘ओदुत्तिद्दे’ हे ‘वाचत होतो’ असेच रूप आहे. दोन बाजूंना दोन साचे ठेवण्याची ही सवय ज्याला आहे, त्याला ‘सी’ची जोडी परकी वाटू नये.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. ‘तो येईल का, ठाऊक नाही’ यातील ‘का’साठीही फ्रेंचमध्ये ‘सी’च येते, आणि तेथे भविष्य किंवा संकेतार्थ दोन्ही चालतात. पारख सोपी : मराठीत ‘जर’ बसले तर निषेध लागू, ‘का’ बसले तर नाही.