सबटायटलची वेलांटी कुठे सरकली?

नातवाचं शाळेतलं इंग्रजी नाटक आजी-आजोबांना कळावं म्हणून कुणीतरी संध्याकाळी बसून संवाद मराठीत उतरवतं. `natak.mp4` आणि `natak.srt` अशा दोन फाइली पेन ड्राइव्हवर टाकून तो टीव्हीला लावला, की नाटक सुरू होतं आणि खाली मराठीऐवजी भलतंच काहीतरी उमटतं. लॅपटॉपवर हीच सबटायटल्स ठीक दिसत होती. मग टीव्ही खराब, पेन ड्राइव्ह खराब अशी चर्चा होते. खरं तर खाली जे उमटलंय ते नीट पाहिलं, तर बिघाड कुठे आहे ते बहुतेक वेळा तिथेच कळतं.

एसआरटी ही फाइल अगदी साधी असते. ती नोटपॅडमध्ये उघडली तर क्रमांक, वेळ, मजकूर आणि मग एक रिकामी ओळ, एवढंच दिसतं:

```
1
00:00:02,000 --> 00:00:06,500
दुसऱ्या किल्ल्यात विद्यार्थी क्षणभर थांबले.
```

सेकंद आणि त्यापुढचे हजारांश यांच्यामध्ये स्वल्पविराम असतो. तिथे टिंब दिलं तर काही टीव्ही ती ओळ सोडून देतात. अक्षर कोणत्या फाँटमध्ये दाखवायचं आणि मजकूर कोणत्या पद्धतीने साठवला आहे, यातलं काहीच या फाइलीत लिहिलेलं नसतं. ते टीव्हीने ओळखायचं असतं, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

फाइलीत अक्षरं नसतात, आकडे असतात. कोणत्या आकड्याचं कोणतं अक्षर, हे ठरवणाऱ्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, वेलांटी आणि पाय मोडण्याची खूण ही स्वतंत्र चिन्हं धरली जातात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट झाले. टीव्हीने ही फाइल पश्चिम युरोपीय भाषांची आहे असं मानलं, तर तो प्रत्येक बाइटला एक वेगळं अक्षर समजतो आणि एकट्या ‘म’चं हे होतं:

```
à¤®
```

देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे पहिले दोन बाइट जवळपास सारखेच असतात. त्यामुळे `à¤` किंवा `à¥` ही जोडी ओळभर पुन्हापुन्हा दिसते. ती दिसली तर निश्चिंत व्हा, मजकूर शाबूत आहे, फक्त तो चुकीच्या पद्धतीने वाचला गेलाय. टीव्हीच्या सबटायटल सेटिंगमध्ये एन्कोडिंगचा पर्याय असेल तर `UTF-8` निवडा. पर्यायांच्या त्या यादीत ग्रीक, रशियन, तुर्की सापडेल, पण मराठी किंवा हिंदी बहुधा सापडणार नाही. जुन्या काळात विंडोजने त्या भाषांना स्वतःची एकबाइटी तक्ती दिली होती, देवनागरीला तशी नेहमीच्या वापरातली तक्ती मिळालीच नाही. म्हणून आपल्याला यूटीएफ-8 शिवाय सोयीचा पर्याय नाही.

सेटिंगमध्ये तो पर्यायच नसेल, तर फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना `UTF-8 with BOM` निवडून पाहा. त्यामुळे फाइलीच्या सुरुवातीला तीन बाइटांची एक खूण पडते आणि ती पाहून काही टीव्ही यूटीएफ-8 ओळखतात. जुन्या नोटपॅडमध्ये `Unicode` असाही एक पर्याय असायचा आणि नाव पाहून अनेक जण तोच निवडायचे. ती प्रत्यक्षात दोन-दोन बाइटांची वेगळीच पद्धत आहे. साध्या टीव्हीला तिच्यातली वेळेची ओळही अनेकदा वाचता येत नाही, आणि मग सबटायटल उमटतच नाही.

नोटपॅडमध्ये उघडल्यावरही ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या दिसत असतील, तर मात्र मजकूर गेला. कुणीतरी फाइल `ANSI` म्हणून सेव्ह केलेली असते. त्या तक्तीत देवनागरी नसल्याने प्रत्येक चिन्हाच्या जागी खरोखरचं `?` लिहिलं गेलेलं असतं. ते परत आणणारं कोणतंही सॉफ्टवेअर नाही, मूळ फाइलच शोधावी लागते. विंडोज 10 च्या 2019 मधल्या आवृत्तीपर्यंत नोटपॅड आपणहून `ANSI` हाच पर्याय पुढे करायचा. सेव्ह करताना तो इशारा देत असे, पण असे इशारे वाचतो कोण?

आणखी एक प्रकार आपल्याकडेच भेटतो. डीटीपीच्या दुकानातून टाइप करून आणलेला मजकूर जुन्या फाँटमध्ये असतो. त्यात साठवलेली अक्षरं रोमनच असतात, फाँट तेवढा त्यांना मराठी वेश चढवतो. टीव्हीवर तो फाँट नसल्याने खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. इथे एन्कोडिंग बदलून उपयोग नाही. त्या विशिष्ट फाँटसाठीच्या कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात.

फाइल निर्दोष असूनही टीव्ही दगा देतो, ते दोन प्रकारे. नुसते चौकोन दिसले तर त्याच्याकडे देवनागरी फाँटच नाही. दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण त्यात अक्षरं मराठीच दिसतात. युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात, म्हणजे ‘कि’मध्ये आधी क आणि मग वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी आधी येते. ‘र्थी’मधला र साठवताना पहिला असतो, तो रफार होऊन थ च्या डोक्यावर बसतो. ही जुळवाजुळव करणारा भाग टीव्हीच्या सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तर वेलांटी क च्या उजवीकडे पडते आणि ‘ल्ल्या’ऐवजी पाय मोडलेले दोन सुटे ल दिसतात. वरचं वाक्य म्हणूनच मुद्दाम बेतलंय: पहिली वेलांटी, रफार, क्ष, तिहेरी जोडाक्षर आणि ‘दुसऱ्या’तला अर्धा ऱ, सगळं एका ओळीत तपासता येतं. तो ऱ्या खास बघा. हिंदी नीट दाखवणारा टीव्हीही कधीकधी तिथे अडखळतो.

अशा टीव्हीपुढे फाइलीत फेरफार करत बसणं मला व्यर्थ वाटतं. सबटायटल एमकेव्ही फाइलीच्या आत भरलं तरी ते रेखाटणार तोच टीव्ही. अँड्रॉइडवर चालणारा टीव्ही असेल तर त्यावर व्हीएलसी टाकून बघा, ते अक्षरं स्वतः रेखाटतं. तेही जमत नसेल तर अक्षरं चित्रातच उमटवून टाकावीत. एफएफएमपेग हे मोफत साधन विंडोजवर ते असं करतं:

```
ffmpeg -i natak.mp4 -vf "subtitles=natak.srt:force_style='FontName=Nirmala UI'" -c:a copy natak-mr.mp4
```

इथे निर्मला हा विंडोजमधला देवनागरी फाँट वापरलाय. जुळवाजुळव संगणकच करतो, टीव्हीला फक्त चित्र दाखवायचं उरतं. मात्र सगळं चित्रीकरण नव्याने तयार होत असल्याने वेळ लागतो, दर्जा किंचित उतरतो, आणि ही सबटायटल्स नंतर बंद करता येत नाहीत की त्यातली चूक सुधारता येत नाही. तेव्हा आधी एका मिनिटाचाच तुकडा करून टीव्हीवर लावून पाहा. त्यासाठी आदेशात `natak-mr.mp4` च्या आधी `-t 60` लिहायचं. मूळ एसआरटी जपून ठेवा. आजोबा पहिल्याच प्रवेशात शुद्धलेखनाची चूक काढणार असतील, तर ती लागेलच.