नळ स्टॉपवरची न दिसणारी रेघ: जवळची रिक्षा शोधताना जिओहॅश कुठे चुकतो

आजचा प्रश्न ऐकायला सोपा आहे. पुण्यात कर्वे रस्त्यावर, नळ स्टॉपजवळ, एक प्रवासी रात्री पावसात उभा आहे. तो ॲपवर रिक्षा मागवतो. त्याच्यापासून सव्वाशे मीटरवर एक रिकामी रिक्षा उभी आहे, आणि तरीही ॲप म्हणतं, ‘जवळपास रिक्षा उपलब्ध नाही.’ नेटवर्क नीट आहे, रिक्षावाल्याचं ॲप चालू आहे. मग असं का होतं? आणि अशी सेवा आपण बांधायला बसलो, तर हे कसं टाळायचं?

आधी साधा मार्ग बघू. समजा, शहरात वीस हजार रिक्षा आहेत. प्रत्येक मागणीला वीस हजार अंतरं मोजायची आणि सगळ्यांत लहान निवडायचं. उत्तर बरोबर येईल, पण नळ स्टॉपच्या प्रवाशासाठी हडपसरच्या रिक्षाचं अंतर मोजणं हे वाया गेलेलं काम. गर्दीच्या वेळी सेकंदाला शंभर मागण्या आल्या तर वीस लाख अंतरं! म्हणून आपण नकाशाची घरं पाडतो, बुद्धिबळाच्या पटासारखी, आणि कोणती रिक्षा कोणत्या घरात आहे एवढं लिहून ठेवतो.

घराला नाव द्यायची एक पद्धत म्हणजे जिओहॅश. गुस्ताव्हो निमेयर यांनी ती २००८ मध्ये मांडली. पद्धत अशी: रेखांश घ्या, सगळ्या जगाचे दोन भाग करा. आपण उजव्या अर्ध्यात असू तर १, डाव्यात असू तर ०. मग अक्षांशाचं तसंच, वरच्या अर्ध्यात १ आणि खालच्या अर्ध्यात ०. मग पुन्हा रेखांश, पुन्हा अक्षांश. असे पाच बिट जमले की त्यांचं एक अक्षर होतं. सहा अक्षरं झाली की पुण्याच्या अक्षांशावर घर साधारण १.१६ किलोमीटर रुंद आणि ६१० मीटर उंच उरतं. नाव जितकं लांब, तितकं घर लहान.

यावरून एक मोहात पाडणारी कल्पना सुचते. दोन ठिकाणांच्या नावाची सुरुवात सारखी असेल तर ती ठिकाणं एकाच मोठ्या घरात आहेत, म्हणजे जवळ आहेत. मग शोध एका ओळीत लिहिता येईल:

```sql
SELECT id FROM drivers WHERE geohash LIKE 'tek921%';
```

ओळ चुकीची नाही, पण अपुरी आहे. आपला प्रवासी आणि ती रिक्षा यांची नावं काढून बघू:

```
rider   18.508, 73.8287   tek921
driver  18.508, 73.8275   tek3rc
```

अंतर सव्वाशे मीटर, पण नावात सारखी अक्षरं फक्त पहिली तीन! कारण रेखांशाचे सतत दोन भाग करताना नवव्या वेळची रेघ बरोबर ७३.८२८१२५ वर पडते, आणि ती नळ स्टॉपच्या आसपास कर्वे रस्त्याला छेदून जाते. ही रेघ रस्त्यावर कुणाला दिसत नाही, पण तिच्या पूर्वेला चौथं अक्षर ‘9’ आणि पश्चिमेला ‘3’.

यावर पुष्कळ जण पहिला उपाय करतात तो असा: काही सापडलं नाही तर शेवटचं अक्षर काढून टाका आणि मोठ्या घरात शोधा. आपणही करून बघू. `tek92` मध्ये ती रिक्षा नाही. `tek9` मध्येही नाही, पण याच घरात उरुळी कांचन आहे, सरळ रेषेत तीस किलोमीटरवर. म्हणजे आता ॲप उरुळी कांचनची रिक्षा दाखवेल, पण रस्त्यापलीकडची नाही. आणखी एक अक्षर काढून `tek` वर आलो की ती रिक्षा एकदाची सापडते. पण हे घर एवढं मोठं आहे की त्यात रायगडचं कर्जतही येतं आणि संगमनेरही. म्हणजे पुन्हा सगळ्या रिक्षा मोजणं आलंच.

इथे एक वाक्य लक्षात ठेवू या. नावाची सुरुवात सारखी असेल तर दोन्ही ठिकाणं एका घरात असतात, हे खरं. पण सुरुवात वेगळी असेल तर ती लांब आहेत, हे खोटं.

मग खरा उपाय काय? आपल्या घराबरोबर त्याच्या आठ शेजाऱ्यांनाही विचारायचं. आपल्या प्रवाशाची नऊ घरं अशी आहेत, वरची बाजू उत्तर:

```
tek3rf  tek924  tek926
tek3rc  tek921  tek923
tek3rb  tek920  tek922
```

मधल्या रांगेत डावीकडे `tek3rc` आहे. रिक्षा सापडली.

पण थांबा, काम अजून संपलेलं नाही. नऊ घरांत जी सगळ्यांत जवळची रिक्षा दिसते, ती खरोखर सगळ्यांत जवळची असेलच असं नाही. आपला प्रवासी त्याच्या घराच्या बरोबर मध्यावर उभा नाही. नऊ घरांच्या या चौकटीची पूर्वेची कड त्याच्यापासून सुमारे २.२५ किलोमीटरवर आहे, पण दक्षिणेची कड फक्त ७८० मीटरवर. समजा, चौकटीत एकच रिक्षा आहे, पूर्वेला दोन किलोमीटरवर. आणि दक्षिणेला, कडेच्या जरा पलीकडे, ८०० मीटरवर दुसरी. पहिली दिसेल, दुसरी दिसणार नाही. म्हणून नियम असा: प्रवाशापासून सगळ्यांत जवळची कड जेवढ्या अंतरावर, तेवढ्या त्रिज्येचीच आपण हमी देऊ शकतो. त्या आत हव्या तेवढ्या रिक्षा मिळाल्या तर थांबायचं. नाहीतर बाहेर आणखी एक वेढा घालून सोळा घरं वाढवायची आणि हमीची त्रिज्या पुन्हा मोजायची.

इथे कुणीतरी विचारेल, क्वाडट्री वापरली तर ही भानगड टळेल का? क्वाडट्री १९७४ मध्ये फिंकेल आणि बेंटली यांनी मांडली. चौकोनाचे चार भाग करायचे, ज्या भागात गर्दी असेल त्याचेच पुन्हा चार. नीट पाहिलं तर जिओहॅशचे दोन बिट, एक रेखांशाचा आणि एक अक्षांशाचा, म्हणजे या चारांपैकी एक भाग निवडणंच आहे. फरक असा की जिओहॅशमध्ये आपण सगळीकडे सारखेच खोल जातो. क्वाडट्रीत स्वारगेटला घरं लहान होतात आणि माळरानावर मोठी राहतात. त्यामुळे प्रत्येक घरात रिक्षांची संख्या आटोक्यात राहते, हा मोठा फायदा. पण रेघा तिथेही आहेतच, आणि रेघेपलीकडे बघावं लागतंच. शिवाय रिक्षा हलतात, तशी घरं फोडावी आणि जोडावी लागतात. न हलणाऱ्या गोष्टींना, म्हणजे पेट्रोल पंप किंवा हॉटेलं यांना, क्वाडट्री छान बसते. सतत हलणाऱ्या रिक्षांसाठी ठरावीक घरांची पद्धत सांभाळायला सोपी जाते.

हलण्याचंच बघा. समजा, रिक्षाचा फोन दर चार सेकंदांनी ठिकाण कळवतो. ताशी तीस किलोमीटरने १.१६ किलोमीटरचं घर ओलांडायला सव्वादोन मिनिटांहून थोडं जास्त लागतं, म्हणजे एका घरात पस्तीसच्या आसपास निरोप येतात. त्यातले बहुतेक घर बदलत नाहीत. म्हणून ताजं ठिकाण वेगळं लिहायचं आणि घरांची यादी फक्त रेघ ओलांडली तरच बदलायची. बदलताना क्रम महत्त्वाचा. जुन्या घरातून आधी काढून मग नव्यात टाकलं, तर मधल्या क्षणी रिक्षा कुठेच नसते. उलट आधी नव्यात टाका, मग जुन्यातून काढा. क्षणभर ती दोन्हीकडे दिसेल, पण दुहेरी नाव गाळणं सोपं असतं. हरवलेलं नाव शोधता येत नाही. आणि फोन बंद पडलेल्या रिक्षा यादीत भुतासारख्या राहतात. म्हणून प्रत्येक ठिकाणाबरोबर वेळही लिहायची, आणि समजा तीस सेकंदांहून जुनी नोंद असेल तर ती धरायची नाही.

आता उमेदवार हातात आले. यातली कोणती रिक्षा द्यायची? इथे घरांचं काम संपतं. घरांना रस्ते माहीत नाहीत. नळ स्टॉपहून मुठेपलीकडे सिंहगड रस्त्यावरची रिक्षा सरळ रेषेत जवळ दिसते, पण तिला म्हात्रे पुलावरून किंवा राजाराम पुलावरून फिरून यावं लागतं. खुद्द नळ स्टॉपवर उड्डाणपूल आहे. पुलावरची रिक्षा आणि खालची रिक्षा यांचे अक्षांश-रेखांश जवळजवळ एकच, पण वरची मध्येच थांबू शकत नाही. म्हणून जवळच्या वीसेक उमेदवारांसाठी रस्त्याने पोचायला किती मिनिटं लागतील ते काढायचं, आणि क्रम त्यावर लावायचा.

शेवटची गाठ. दोन प्रवासी जवळजवळ एकाच वेळी मागणी करतात. पहिल्याला ‘अ’ रिक्षा दोन मिनिटांत मिळू शकते, ‘ब’ तीन मिनिटांत. दुसऱ्याला ‘अ’ तीन मिनिटांत, पण ‘ब’ नऊ मिनिटांत. पहिल्याला लगेच सगळ्यांत जवळची दिली तर दुसरा नऊ मिनिटं भिजत उभा राहतो. एकूण अकरा मिनिटं. दोन-तीन सेकंद थांबून दोघांचा एकत्र विचार केला तर दोघांनाही तीन-तीन मिनिटांत रिक्षा मिळते, एकूण सहा. आणि कोणतीही रिक्षा देताना ‘ती अजून मोकळी आहे का’ हे बघणं आणि ‘आता ती दिली’ असं लिहिणं एकाच अखंड पायरीत व्हायला हवं. नाहीतर एकच रिक्षा दोघांना दिली जाते.

आपली व्यवस्था नीट आहे की नाही, हे कसं ओळखायचं? चुकलेली रिक्षा कुठल्याही नोंदीत दिसत नाही. प्रवाशाला फक्त ‘उपलब्ध नाही’ एवढंच दिसतं, आणि आपल्याला वाटतं, खरंच रिक्षा नसेल. म्हणून रोज हजारेक मागण्या निवडून त्यांची उत्तरं पहिल्या साध्या पद्धतीने, सगळी अंतरं मोजून, पुन्हा काढा. दोन उत्तरांत फरक पडला ती ठिकाणं नकाशावर टाका. ती ७३.८२८१२५ सारख्या एखाद्या सरळ रेघेवर ओळीने बसलेली दिसली, तर समजा, आपण शेजारच्या घराला विचारायला विसरलो आहोत.