शंभरातले दोन जीव

हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज हे औषध 1950च्या दशकाच्या अखेरीपासून डॉक्टर वापरून पाहत होते. 1959च्या पहिल्या चाचणीत अवघे 23 रुग्ण होते. पुढची पंचवीसेक वर्षं अशाच छोट्या-मोठ्या चाचण्या होत राहिल्या आणि बहुतेकांचा निष्कर्ष एकच निघाला: लक्षणीय फरक आढळला नाही. मग 1986 साली इटलीतल्या ‘जिस्सी’ चाचणीत सुमारे 11,700 रुग्णांची आकडेवारी हाती आली. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी तीन आठवड्यांत 13 टक्के दगावले, औषध मिळालेल्यांपैकी 10.7 टक्के. म्हणजे औषध शंभरातले दोन जीव वाचवत होतं, थोडे जास्तच. मग आधीच्यांना ते दिसलं कसं नाही?

समजा तुम्ही शंभर रुग्णांना औषध दिलं आणि शंभरांना दिलं नाही. वरच्याच प्रमाणात एकीकडे 11 मृत्यू होतील, दुसरीकडे 13. पण औषध न देताही शंभरांच्या एका गटात 13, दुसऱ्यात 9 आणि तिसऱ्यात 17 मृत्यू सहज होऊ शकतात. एवढ्या हेलकाव्यात दोनाचा फरक कुठून उठून दिसणार?

जर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी या गोंधळाला शिस्त लावली. औषध निरुपयोगी असताना योगायोगाने दिसलेल्या फरकाला भुलणं ही पहिल्या प्रकारची चूक. औषध गुणकारी असताना ‘फरक नाही’ म्हणून ते बाजूला सारणं ही दुसऱ्या प्रकारची. पहिल्या चुकीवर रिवाजाने 5 टक्क्यांची मर्यादा असते. तिचा बंदोबस्त सगळेच करतात, कारण त्याशिवाय शोधनिबंध छापून येणं अवघड. दुसरीकडे मात्र कितीतरी वर्षं कुणी फारसं पाहिलंच नाही.

खरा फरक असेल तर तो पकडण्याची चाचणीची जी शक्यता, तिला पॉवर म्हणतात. शंभर-शंभर रुग्णांच्या आपल्या चाचणीची पॉवर भरते जेमतेम 8 टक्के. म्हणजे अशा शंभर चाचण्या केल्या, तर 90हून अधिक चाचण्या चांगल्या औषधाला नापास करतील, आणि त्यात कुणाचा हलगर्जीपणाही नसेल. ही पॉवर 80 टक्क्यांवर न्यायची तर प्रत्येक गटात सुमारे 3,100 रुग्ण लागतात. पहिल्या चुकीची मर्यादा 5 वरून 1 टक्क्यावर आणायची म्हटलं की हाच आकडा 4,600च्या घरात जातो.

औषधाने मृत्यू थेट निम्मे झाले असते, तर गटागणिक सव्वातीनशे रुग्णांत काम भागलं असतं. उलट त्याचा गुण जिस्सीत दिसला त्याच्या निम्माच असता, तर जवळपास 13,000 लागले असते. फरक निम्मा झाला की नमुना साधारण चौपट हवा, कारण योगायोगाचे हेलकावे रुग्णसंख्येच्या वर्गमुळाच्या हिशेबानेच कमी होतात.

लहान चाचणी क्वचित यशस्वी होते, तेव्हाही सावध राहावं. शंभर-शंभरांच्या चाचणीत फरक ‘लक्षणीय’ ठरायला तो नऊ टक्क्यांच्या आसपास दिसावा लागतो, म्हणजे 13 विरुद्ध 4 मृत्यू. खरा फरक सव्वादोनाचा. तेव्हा अशा चाचणीतून जे यश जाहीर होईल, ते चौपट फुगलेलंच असेल. मग मोठी चाचणी झाली की ‘औषधाचा गुण ओसरला’ अशी ओरड होते. तेवढा गुण मुळात नव्हताच.

नमुना मोठा जमवूनही हीच फसगत मागच्या दाराने येते. ‘आयसिस-2’ या 1988च्या चाचणीत 17,187 रुग्ण होते, आणि ॲस्पिरिनमुळे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू 11.8 वरून 9.4 टक्क्यांवर आले होते. तरीही वय, लिंग वगैरेंनुसार वेगळे निष्कर्ष द्या, असा आग्रह झाला. संशोधकांनी ते दिले, पण सोबत रुग्णांची जन्मराशीनुसार विभागणीही छापली. (आपल्यासारखी चंद्रावरून नव्हे, पाश्चात्त्य पद्धतीची, जन्मतारखेवरून ठरणारी रास.) मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिन किंचित अपायकारकच दिसलं! एकेका राशीच्या वाट्याला सरासरी 1,400 रुग्ण, त्यातले निम्मे ॲस्पिरिनचे. एवढ्यांत तो फरक पकडण्याची पॉवर तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरते. शिवाय राशी बारा, त्यामुळे एखाद-दुसरी उलटी जाणारच.